बाराही आकडे बरोबर, तरी वेढे दोन: स्लिदरलिंकच्या एका कोड्याची तपासणी

भाचीनं कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मावशी, झालं. सगळे आकडे जुळले." मी एकेक आकडा तपासला. बाराच्या बारा बरोबर होते. कुठल्या ठिपक्यावर फाटा फुटला नव्हता, कुठलं टोक लोंबकळत नव्हतं. तरीही उत्तर चुकलं होतं, कारण कागदावर एक वेढा नव्हता, दोन होते. एक मोठा, आणि त्याच्या पोटात दुसरा लहान.

हे कोडं मी स्वतः पाच बाय पाचच्या जाळीवर रचलं होतं. नवीन माणसाला इथे नेमकं काय निसटतं ते इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसतं, म्हणून ते पहिल्या रेघेपासून शेवटपर्यंत मांडते आहे. पेन्सिल हातात घेऊनच वाचा.

```
     अ   ब   क   ड   इ
१    ३   १   ·   ·   २
२    ·   २   ·   ·   २
३    ·   ·   ·   ३   ·
४    २   ·   १   ·   २
५    ०   ·   ३   ·   १
```

उभे स्तंभ अ ते इ, आडव्या ओळी १ ते ५. म्हणजे डावीकडचा वरचा कोपरा अ१ आणि उजवीकडचा खालचा इ५. प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठिपके आहेत असं समजा. पाच बाय पाचला असे छत्तीस ठिपके होतात. शेजारशेजारचे ठिपके आडव्या किंवा उभ्या रेघेनं जोडायचे. चौकोनात आकडा असेल तर त्याच्या चार बाजूंपैकी तेवढ्याच बाजूंवर रेघ हवी. रिकाम्या चौकोनाला कुठलंच बंधन नाही. आणि सगळ्या रेघा मिळून एकच बंद वेढा व्हायला हवा, जो स्वतःला कुठे छेदत नाही आणि ज्याला फाटा फुटत नाही. जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या प्रकाशन संस्थेनं १९८९ मध्ये आपल्या नियतकालिकात हे कोडं छापायला सुरुवात केली. नियम एवढेच आहेत.

या नियमांतून ठिपक्यांबद्दल एक गोष्ट निघते, आणि सोडवताना आकड्यांपेक्षा तिचाच उपयोग जास्त होतो. प्रत्येक ठिपक्यावर एकतर दोन रेघा येतात किंवा एकही येत नाही. एक किंवा तीन कधीच नाही. म्हणून जिथे रेघ येणं शक्य नाही त्या बाजूवर मी छोटी फुली मारते. फुल्या न मारता हे कोडं सोडवणं म्हणजे अर्धी माहिती डोक्यात वागवत बसणं.

आता कोपरे. या जाळीच्या चार कोपऱ्यांत ०, १, २ आणि ३ असे चारही आकडे मी मुद्दाम ठेवले आहेत. जाळीच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याला दोनच बाजू मिळतात. त्यामुळे कोपऱ्यातल्या चौकोनाच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंवर रेघ असते किंवा दोन्हींवर फुली, तिसरा पर्याय नाही. अ१ मध्ये ३ आहे. दोन्ही बाहेरच्या बाजू सोडल्या तर उरलेल्या दोन बाजूंवर तीन रेघा कशा बसणार? म्हणून वरची आणि डावी बाजू रेघ. इ५ मध्ये १ आहे. तिथे दोन्ही बाहेरच्या बाजू घेतल्या तर आकडा ओलांडला जातो, म्हणून दोन्हींवर फुली. अ५ च्या शून्यावर चारही बाजूंना फुल्या.

राहिला इ१ चा २, आणि खरी गंमत त्यात आहे. दोन्ही बाहेरच्या बाजू घेतल्या तर दोन पूर्ण झाले. मग आतल्या बाजूंवर फुली, म्हणजे वरची रेघ डावीकडे सरळ पुढे ड१ च्या माथ्यावर जाणार आणि उजवी रेघ खाली इ२ च्या उजव्या बाजूवर. बाहेरच्या बाजू सोडल्या तर आतल्या दोन्ही घ्याव्या लागतात. आतली उभी रेघ वरच्या कडेला पोचते, तिथे उजवीकडे फुली आहे, म्हणून तिला डावीकडे ड१ च्या माथ्यावरच वळावं लागतं. दुसरीकडेही तसंच, ती इ२ च्या उजव्या बाजूवर उतरते. वेढा कोपऱ्याला स्पर्श करून जातो की आतून वळतो ते अजून कळलेलं नाही, पण दोन रेघा मात्र पक्क्या मिळाल्या. अनेक जण कोपऱ्यातला २ "काहीच सांगत नाही" म्हणून सोडून देतात आणि या दोन रेघा गमावतात.

पुढचं काम शून्याकडून. अ५ च्या डाव्या आणि वरच्या बाजूवर फुली आहे, म्हणून त्या दोन बाजू जिथे मिळतात त्या ठिपक्यावरून वर जाणारी अ४ ची डावी बाजूही फुलीच. आता अ४ ला २ हवेत आणि त्याच्या डाव्या व खालच्या बाजू गेल्या. राहिल्या वरची आणि उजवी, दोन्ही रेघा. वरची रेघ डाव्या कडेला पोचते आणि खाली फुली असल्यानं वर वळते, म्हणजे अ३ ची डावी बाजू मिळाली. उजवी रेघ खाली उतरते, तिथे शून्याच्या फुल्या डावीकडे आणि खाली अडवतात, म्हणून ती उजवीकडे ब५ च्या माथ्यावर वळते. आणि अ४ च्या वरच्या उजव्या ठिपक्यावर दोन रेघा आल्या, तो भरला; अ३ ची उजवी बाजू आणि ब४ ची वरची बाजू फुली.

शून्याच्या दुसऱ्या अंगाला ब५ च्या तळालाही तशीच फुली येते. त्यामुळे क५ चा डावा खालचा ठिपका कोपऱ्यासारखाच वागायला लागतो: तिथे क५ च्या डाव्या आणि खालच्या दोनच बाजू उरतात. क५ मध्ये ३ आहे, म्हणून कोपऱ्यातल्या ३ प्रमाणे दोन्ही रेघा. कोपऱ्याचा नियम जाळीच्या कोपऱ्यापुरता नाही, फुल्यांनी तयार केलेल्या कोपऱ्यालाही तो जसाच्या तसा लागू पडतो. क५ ची डावी रेघ वर जाऊन ब५ च्या माथ्यावरच्या रेघेला मिळते. तो ठिपका भरला, म्हणून क५ च्या माथ्यावर फुली आणि ब४–क४ मधल्या बाजूवरही फुली. माथा गेला तर क५ ची तिसरी रेघ उजव्या बाजूवर. खाली उजव्या ठिपक्यावर दोन रेघा झाल्या, ड५ चा तळ फुली.

इथून इ५ चा १ सुटतो. त्याच्या डाव्या बाजूवर रेघ काढली तर ती खाली कडेला पोचून अडकते, कारण दोन्हीकडे फुल्या आहेत. म्हणून त्याची एकुलती रेघ माथ्यावर. ती उजव्या कडेला पोचून वर वळते, इ४ ची उजवी बाजू. इ४ चे दोन इथेच पूर्ण झाले. डावीकडे आणि वर फुली. त्यामुळे उजव्या कडेवरची रेघ सरळ वर इ३ कडे जाते, आणि इ५ च्या माथ्यावरची रेघ डावीकडे ड५ च्या माथ्यावर सरकते. तिथे तिला क५ ची उजवी रेघ भेटते. हा ठिपका भरला, क४ ची उजवी बाजू फुली.

आता क४ चा १ बघा. डावीकडे, खाली, उजवीकडे फुल्या आहेत, म्हणजे रेघ माथ्यावर. तिचं डावं टोक फक्त वर जाऊ शकतं, ब३ आणि क३ च्या मधून. तिचं उजवं टोक ड३ च्या डाव्या खालच्या ठिपक्यावर येतं. ड३ मध्ये ३ आहे. तीनच्या एखाद्या कोपऱ्यावर बाहेरून रेघ आली की त्या कोपऱ्याला लागलेल्या दोन बाजूंपैकी जास्तीत जास्त एकच घेता येते, म्हणून समोरच्या दोन्ही बाजू पक्क्या. ड३ ची वरची आणि उजवी बाजू रेघ. मग उजवी रेघ खाली उतरल्यावर तिला कुठे जाता येतं? इ४ च्या डाव्या आणि वरच्या बाजूवर फुल्या आहेत, तेव्हा डावीकडे ड३ च्या तळावरच. तीन पूर्ण झाले, डावी बाजू फुली.

ड३ चा वरचा उजवा ठिपकाही भरला, म्हणून इ२ च्या डावीकडे आणि खाली फुली. इ२ ला २ हवेत: उजवी आधीच आहे, राहिला माथा. ती रेघ म्हणजेच इ१ चा तळ. म्हणजे कोपऱ्यातला २ आतून वळतो, आणि त्याची डावी बाजू रेघ ठरते. ड१ च्या माथ्यावरची रेघ तिला येऊन मिळते, आणि इ१ चा डावा खालचा ठिपका भरल्यामुळे ड१ च्या तळावर फुली. इथपर्यंत बावीस रेघा झाल्या आणि एकदाही अंदाज करावा लागला नाही.

भाचीही इथवर अगदी अशीच आली होती. पुढे डावीकडच्या वरच्या भागात दोन वाटा फुटतात, आणि ती ज्या वाटेनं गेली ती आकड्यांच्या दृष्टीनं निर्दोष आहे.

अ१ च्या ३ ला तिसरी रेघ हवी, उजवीकडे किंवा तळाला. तिनं तळ निवडला. मग अ१ च्या माथ्यावरची रेघ उजवीकडे सरळ ब१ च्या माथ्यावर जाते. ब१ चा १ तिथेच पूर्ण, म्हणून त्याच्या उजवीकडे आणि तळाला फुली. रेघ पुढे क१ च्या माथ्यावरून ड१ च्या माथ्याला मिळते. अ१ च्या तळावरची रेघ ब२ च्या डाव्या बाजूनं खाली उतरते आणि अ३ च्या माथ्यावरून डाव्या कडेला येऊन मिळते. ब२ ला अजून एक रेघ हवी, तळाचा ठिपका भरला आहे, म्हणून उजवी. ही रेघ खालून आलेल्या ब३–क३ मधल्या रेघेला मिळते, वर जाऊन क१ च्या तळावर वळते, आणि क२ च्या उजव्या बाजूनं उतरून ड३ च्या माथ्याला भेटते. एकूण तीस रेघा, बाराही आकडे बरोबर, प्रत्येक ठिपक्यावर दोन किंवा शून्य.

मी तिला म्हटलं, "ड१ च्या माथ्यावर बोट ठेव आणि रेघेवरून फिरव." तिनं फिरवलं. बोट बावीस रेघा चालून परत जागेवर आलं. उरलेल्या आठ रेघा क२, क३ आणि ड३ या तीन चौकोनांभोवती वेगळ्याच बसल्या होत्या. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पण मग हे मला आधी कसं कळणार होतं?"

प्रश्न अगदी योग्य होता. आकडा एका चौकोनापुरतं बघतो, ठिपका चार बाजूंपुरतं बघतो. "एकच वेढा" हा नियम मात्र पूर्ण जाळीबद्दल आहे, तो कुठल्याही एका जागी उभं राहून तपासता येत नाही. वेढ्याच्या आतले आणि बाहेरचे चौकोन दोन रंगांत रंगवायची सवय असेल तर रंगांतही टक्कर दिसणार नाही, कारण दोन वेढ्यांची जाळीही नीट दोन रंगांत बसते. फक्त एक खूण मिळते: क२, क३, ड३ यांना "बाहेर"चा रंग येतो, पण तिथून रेघ न ओलांडता जाळीबाहेर पडायला वाट नसते. बाहेरचा चौकोन कोंडला गेला की समजायचं, दुसरा वेढा तयार झाला.

माझी सवय याहून थोडी वेगळी आहे, आणि ती या कोड्यात फार लवकर उपयोगी पडते. वाट फुटली की मी हातातले तुकडे आणि त्यांची मोकळी टोकं मोजते. बावीस रेघांनंतर इथे तीनच तुकडे आहेत. मोठा तुकडा पंधरा रेघांचा: अ३ च्या डाव्या बाजूपासून निघून, शून्याला वळसा घालून, खालून आणि उजव्या कडेवरून ड१ च्या माथ्यापर्यंत. मधला तुकडा पाच रेघांचा: एक टोक ब२ च्या उजव्या खालच्या ठिपक्यावर, दुसरं ड३ च्या डाव्या वरच्या ठिपक्यावर. आणि कोपऱ्यातला तुकडा दोन रेघांचा, अ१ चा.

तीन तुकड्यांचा एक वेढा करायचा तर कुठल्याही तुकड्याची दोन टोकं परस्परांना मिळता कामा नयेत, आणि कुठलेही दोनच तुकडे आपसात दोन्ही बाजूंनी जोडले जाता कामा नयेत, नाहीतर तिसरा बाहेर राहतो. भाचीच्या वाटेवर कोपऱ्यातल्या तुकड्याचं वरचं टोक ब१, क१ च्या माथ्यावरून मोठ्या तुकड्याला मिळालं. त्याचं दुसरं टोकही खालून फिरून मोठ्या तुकड्यालाच मिळालं. दोघांचा वेढा बंद झाला आणि मधला तुकडा एकटा पडला. त्याच्या टोकांना एकमेकांशिवाय कोणी उरलंच नाही. हे कळायला तीस रेघा काढाव्या लागत नाहीत. अ३ च्या माथ्यावरची रेघ काढण्यापूर्वीच ही वाट सोडून देता येते.

दुसरी वाट तेवढीच सरळ आहे. अ१ ची उजवी बाजू रेघ, तळ फुली. ब१ चा १ त्या रेघेनंच पूर्ण झाला. त्याच्या वर, उजवीकडे आणि तळाला फुली. अ१ ची डावी रेघ सरळ खाली अ२ च्या डाव्या बाजूवरून अ३ ला मिळते, म्हणून अ३ च्या माथ्यावर फुली. अ१ ची उजवी रेघ खाली ब२ च्या डाव्या बाजूवर येते आणि तिथून वळायला ब२ च्या तळाशिवाय जागा नाही. ब२ चे दोन झाले, आणि तळाची रेघ मधल्या तुकड्याच्या टोकाला मिळाली. मधल्या तुकड्याचं दुसरं टोक क३ च्या माथ्यावर जाऊ शकत नाही, तो ठिपका भरला आहे. ते वर चढतं, क२ आणि क१ च्या उजव्या बाजूंवरून, आणि ड१ च्या माथ्याला मिळतं. कोपऱ्यातला तुकडा एका बाजूनं मोठ्याला आणि दुसऱ्या बाजूनं मधल्याला, मधला पुन्हा मोठ्याला. तिन्ही एका माळेत आले.

```
+---+   +   +---+   +
| ३ | १     |   | २
+   +   +   +   +---+
|   | २     |     २ |
+   +---+   +---+   +
|       |     ३ |   |
+---+   +---+---+   +
  २ |     १       २ |
+   +---+   +---+---+
  ०     | ३ |     १
+   +   +---+   +   +
```

अठ्ठावीस रेघा. भाचीच्या तीसपैकी सहा खोडाव्या लागल्या आणि चार नव्या काढाव्या लागल्या. बाकीच्या चोवीस तशाच राहिल्या. म्हणून अशी चूक सापडली की सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू नका. फाटा कुठे फुटला ती जागा शोधा आणि तिथपर्यंतच मागे या. फाट्यापाशी आल्यावर त्या ठिपक्याला मी हलकासा गोल करून ठेवते, ते यासाठीच.

या तपासणीची एक मर्यादा सांगायला हवी. टोकं मोजण्याची युक्ती तुकडे थोडे उरले की चांगली चालते. दहा बाय दहाच्या जाळीत मधेच पंधरा-वीस तुकडे विखुरलेले असतात, आणि त्या वेळी ती फारसं काही सांगत नाही. तिथे मी फक्त एकच गोष्ट बघते: एखादी रेघ काढल्यानं एकाच तुकड्याची दोन टोकं जुळणार असतील आणि जाळीत इतरत्र एकही रेघ किंवा अपुरा आकडा शिल्लक असेल, तर त्या बाजूवर लगेच फुली. ती फुली मग शेजारच्या आकड्यांना पुढे ढकलते.

कोडं रचताना मला सर्वात जास्त वेळ ब१ च्या १ नं घेतला. तो आधी नव्हता. तो काढून बाकीचे अकरा आकडे ठेवले तर या जाळीची पाच वेगवेगळी, पूर्ण वैध, एक-वेढ्याची उत्तरं निघतात. मी ती एकेक काढून पाहिली आहेत. ड१ च्या माथ्यावरची रेघ कधी तिथेच खाली वळते, कधी क१ च्या माथ्यावरून पुढे जाते, ब२ कधी आत येतो कधी बाहेर राहतो. १ ठेवल्यावर दोनच जाळ्या उरतात: वर काढलेली, आणि भाचीची दोन वेढ्यांची.

तिनं दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन तेच कोडं पुन्हा सोडवलं. ब१ पाशी आल्यावर थांबली, तीन तुकड्यांवरून तीन वेळा बोट फिरवलं, आणि अ१ च्या तळावर फुली मारली.